सावतोबांचा एक अभंग आणि कीर्तनाची बांधणी



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी स्वतः कधी कीर्तनाला उभे राहिले नाहीत. पण गावच्या सप्ताहात कीर्तन कुठे जमले आणि कुठे विस्कटले, हे त्यांच्याइतके नेमके सांगणारा माणूस मी पाहिला नाही. तेव्हा त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावरून कीर्तनाच्या थोरवीविषयी बोलण्यापेक्षा त्याच्या बांधणीविषयी बोलावे असे मी ठरवले. संतांचा अभंग, एखादी कथा आणि समोर बसलेल्या गावाचा प्रतिसाद या तीन गोष्टी एकमेकींत कशा बसवायच्या, एवढाच आजचा विषय आहे. त्यासाठी एकच अभंग घेतो, एकच कथा घेतो, आणि आषाढ वद्य चतुर्दशीच्या सुमाराला सोलापूरकडच्या एखाद्या बागायती गावात रात्री नऊ ते अकरा होणारे एकच कीर्तन डोळ्यांपुढे ठेवतो.

आपल्याकडे कीर्तनाच्या दोन मोठ्या परंपरा आहेत. नारदीय कीर्तनात बुवा एकटे उभे असतात, साथीला पेटी-तबला असतो. पूर्वरंगात पद आणि त्याचे निरूपण होते, मध्ये नामजप होतो, बुक्का लागतो आणि मग उत्तररंगात आख्यान रंगते. म्हणजे विचार आणि कथा यांची दोन वेगळी दालने आधीच आखून दिलेली असतात. वारकरी कीर्तनात तसे नसते. तिथे मागे टाळकरी उभे असतात, विणेकरी असतो, मृदंग असतो, आणि सेवेला घेतलेला अभंग हाच पहिल्यापासून शेवटपर्यंतचा कणा असतो. कथा कुठे आणायची, किती सांगायची, की आणायचीच नाही, हे कीर्तनकाराने ठरवायचे. या मोकळीकीमुळेच वारकरी कीर्तनाची बांधणी अवघड होते. मी ज्या कीर्तनाविषयी बोलतो आहे ते याच पद्धतीचे.

अभंग आहे अरणच्या सावता महाराजांचा, भाजीच्या मळ्यात विठ्ठल पाहणारा. तो तुम्हां सर्वांना मुखोद्गत आहे, म्हणून इथे म्हणत नाही. त्याची ठेवण तेवढी सांगतो. चार छोटी कडवी आहेत. पहिल्यात मळ्यातला भाजीपाला येतो. दुसऱ्यात स्वयंपाकाला चव आणणाऱ्या जिनसा येतात. तिसऱ्यात विहीर आणि पाणी ओढायचे साहित्य येते आणि त्या साहित्यात सगळी पंढरी भरलेली दिसते. चौथ्यात मळा करणारा माणूस स्वतः येतो आणि आपण विठ्ठलाच्या पायांशी गुंतून पडल्याचे सांगतो. शेतात उगवलेले, मग घरातले, मग ते उगवण्यासाठी लागणारे कष्ट, आणि शेवटी कष्ट करणारा, असा हा क्रम आहे. कीर्तनाचा आराखडा अभंगातच आहे. कीर्तनकाराने त्याच्यावर दुसरा आराखडा लादू नये.

अनेक नवे कीर्तनकार तयारी सुरू करतात ती प्रमाणांपासून. या कडव्याला ज्ञानेश्वरीतली ही ओवी, त्या कडव्याला तुकोबांचे ते चरण, अशी वही भरत जाते. मी विद्यार्थ्यांना उलटे करायला सांगतो. आधी शेवटचे कडवे घ्यायचे आणि स्वतःला विचारायचे, हे कडवे रात्री पावणेअकराला गायले जाईल तेव्हा श्रोत्यांना त्याआधी काय काय माहीत झालेले असले पाहिजे? या अभंगात उत्तर सरळ आहे. माणूस देवाच्या पायांशी गुंतला, हे कळायला दोन गोष्टी लागतात. दोराने काय काय बांधले जाते हे श्रोत्यांनी तिसऱ्या कडव्यात पाहिलेले असले पाहिजे, आणि या माणसाने देवासाठी आपल्या देहाचे काय केले हे कथेत ऐकलेले असले पाहिजे. तिसऱ्या कडव्यात विहिरीवरचे दोर आहेत आणि चौथ्यात गुंतणे आहे. एवढे लक्षात आले की दोन तासांत काय ठेवायचे आणि काय सोडायचे ते आपोआप ठरते.

आता प्रत्यक्ष कीर्तनाकडे येतो. रामकृष्णहरीचे भजन, रूपाचा अभंग आणि मग सेवेच्या अभंगाची चाल, यात वीस मिनिटे जातात. ती जाऊ द्यावीत. या वेळात कीर्तनकाराचे खरे काम ऐकण्याचे असते. पहिले कडवे आपण ध्रुवपद म्हणून घेतले आहे. ते चार-पाच वेळा फिरते तेव्हा टाळकऱ्यांपलीकडे, मांडवाच्या कडेला बसलेल्या लोकांचा आवाज कितपत येतो, तो मनात धरून ठेवायचा. पुढे दर वेळी ध्रुवपद परत येईल तेव्हा याच आवाजाशी ताडून पाहायचे आहे. पुढच्या ओळीतल्या मंडळींवरून काही ठरवू नये. ती माळकरी मंडळी असतात, ती कुठल्याही कीर्तनात मान डोलावतात, आणि तो त्यांचा भाव आहे. मागच्या खांबाला टेकून बसलेला माणूस आणि कडेला मूल मांडीवर घेऊन बसलेली बाई, यांच्यावर लक्ष ठेवावे.

पहिल्या कडव्याच्या निरूपणात तत्त्वज्ञान सांगण्याची घाई होते. सर्वत्र ईश्वर आहे हा सिद्धांत पाच मिनिटांत मांडता येतो आणि त्याला प्रमाणेही भरपूर मिळतात. पण कांदा लावणाऱ्या गावासमोर कांद्याचा अभंग घेतल्यावर आधी कांद्याविषयी बोलावे लागते. इथे पहिला प्रश्न विचारायचा. गाडगेबाबांच्या कीर्तनाची सारी बांधणीच प्रश्नांवर होती. दिवसभर खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला उभ्या-उभ्या विचारायचे, कर्ज काढून लग्न-जेवणावळी घालता ना, देवापुढे बोकड कापता ना, आणि लोकांनी हो किंवा नाही म्हणायचे. 1956 साली मुंबईत वांद्र्याला पोलिसांच्या वस्तीत झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. ते ऐकताना बाबांच्या बोलण्याइतकेच लोकांच्या उत्तरांकडे लक्ष द्या. उत्तरे एका-दोन शब्दांची असतात, सगळे एकदम देतात, आणि प्रश्न संपायच्या आत उत्तर लोकांच्या ओठांवर आलेले असते. मग दोन-चार प्रश्नांनंतर गोपाला गोपाला हा गजर होतो आणि सभेला दम खायला मिळतो.

यातून आपण घ्यायचे ते असे की कीर्तनातला प्रश्न परीक्षेचा नसावा. सावता महाराज कोणत्या शतकातले, असे विचारले तर शाळामास्तरांशिवाय कुणी बोलणार नाही आणि बाकीचे गाव गप्प बसायला शिकेल. एकदा गप्प बसलेले गाव त्या रात्री पुन्हा तोंड उघडत नाही. त्याऐवजी विचारावे, कांद्याची लागण करताना कमरेतून किती वाकावे लागते? हा प्रश्न बायांना विचारावा, कारण रोपे लावायला त्या वाकलेल्या असतात. त्या हसतील, एकमेकींकडे बघतील आणि मग एखादी म्हातारी मोठ्याने सांगेल. तेवढा वेळ थांबायचे. नवशिका कीर्तनकार प्रश्न विचारतो आणि श्वास घ्यायच्या आत स्वतःच उत्तर देतो. मग पुढच्या प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही, कारण उत्तर आपल्याकडून नको आहे हे लोकांना कळलेले असते. म्हातारीचे उत्तर आले की ते तिच्याच शब्दांत परत म्हणून दाखवावे, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जाते, आणि मग म्हणावे की तेवढे वाकून सावतोबा ज्याला बघत होते त्याला ते विठाई म्हणतात. लगेच ध्रुवपद. टाळकऱ्यांना ही जागा आधी सांगून ठेवलेली असली पाहिजे. प्रश्न, उत्तर आणि ध्रुवपद यांत अर्ध्या मिनिटाचेही अंतर पडले तर जोड सुटतो.

याच ठिकाणी एक अडचण हमखास येते आणि तिची तयारी करूनच उभे राहावे. कांद्याचे नाव निघाले की भाव निघतो. ज्या वर्षी भाव पडलेला असतो त्या वर्षी मागून कुणीतरी म्हणतेच, “महाराज, तुमच्या विठाबाईला यंदा कोण विचारीना.” सभा हसते, पण तो माणूस हसत नसतो. या वेळी मृदंगाला खूण करून गजर सुरू करणे सगळ्यांत सोपे असते. माझ्या मते ते करू नये. दुखणे सांगणाऱ्या माणसाच्या बोलण्यावर नामाचा आवाज चढवला तर नामाचाही अपमान होतो आणि माणसाचाही. देव परीक्षा पाहतो असेही सांगू नये. तसे काही या अभंगात नाही. त्याचे म्हणणे खरे आहे असे स्पष्ट म्हणावे, तो कुठला, किती लागण होती, काढणीचा खर्च तरी निघाला का, असे एक-दोन प्रश्न त्याला विचारावेत आणि गावाला ते ऐकू द्यावे. मग एवढेच म्हणावे की सावतोबांनी या अभंगात भावाचा शब्द काढलेला नाही, त्यांनी पाण्याचा आणि कष्टाचा काढला आहे, आणि तिथे आपण थोड्या वेळाने जाणार आहोत. त्या माणसाला उत्तर मिळालेले नसते, पण त्याचे ऐकून घेतलेले असते. पुढे विहिरीचे कडवे आले की तो पुन्हा लक्ष देऊन ऐकतो.

दुसरे कडवे छोटे ठेवावे, दहा मिनिटांत उरकावे. ते स्वयंपाकघरातले आहे आणि बायांना ते सांगावे लागत नाही. इथे एखादे प्रमाण घ्यावे, फार तर दोन. प्रमाणांची गर्दी झाली की कसे कळते? टाळकरी उत्साहाने प्रमाण उचलतात, चाल बदलते, पुन्हा बदलते, व्यासपीठ रंगात येते आणि समोरचे गाव मात्र प्रेक्षक होऊन बसते. त्यानंतर ध्रुवपदाला परत आलात की मागचा आवाज पहिल्यापेक्षा बारीक आलेला असतो. एका ध्रुवपदापासून दुसऱ्यापर्यंत आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त गेली, किंवा मध्ये दुसऱ्याच चाली बसल्या, की हे घडते. आवाज बारीक आला तर निरूपण ताणू नये. ध्रुवपद दोन आवर्तने जास्त घ्यावे आणि पुढच्या कडव्यावर जावे.

तिसऱ्या कडव्याला मात्र वीस मिनिटे द्यावीत, कारण आजच्या श्रोत्यांपैकी अर्ध्यांनी मोट पाहिलेलीच नाही. विहिरीवर विजेची मोटार असते, शेतात ठिबकच्या नळ्या असतात. मोट म्हणजे काय हे कीर्तनकाराने सांगण्यापेक्षा गावातल्या म्हाताऱ्याने सांगावे. “आजोबा, तुमच्या विहिरीवर मोट कधीपर्यंत होती?” एवढे विचारले की पुढचे ते सांगतात. चामड्याची मोट होती, पुढे पत्र्याची आली. तिच्या तोंडाला जाड नाडा आणि सोंडेला बारीक दोरी. बैल धावेवरून खाली उतरायला लागले की मोट वर येते, आणि हाकणारा माणूस नाड्यावर बसतो म्हणजे त्याचे वजन बैलांच्या ओढीला मिळते. मोट काठाशी आली की सोंडेतून पाणी थारोळ्यात पडते, थारोळ्यातून पाटात, पाटातून वाफ्यात. मग बैल उलट्या पावलांनी धाव चढतात आणि मोट पुन्हा खाली जाते. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत हेच चालू. मोटेवर माणसे गाणी म्हणत, ती याच चढ-उताराच्या लयीत.

इथे एक बारकाई सांगतो. नाड्यावर बसलेला माणूस हे चित्र श्रोत्यांच्या मनात पक्के बसवा. वाटल्यास व्यासपीठावरच खांद्यावरचे उपरणे ताणून धरा आणि आजोबांना विचारा, माणूस कुठे बसायचा? ते हाताने दाखवतील. अभंगाने दोरांची नावे घेतली आहेत ती शोभेसाठी घेतलेली नाहीत. पाण्याला, बैलाला आणि माणसाला एकत्र बांधणारा तोच दोर आहे, आणि माणूस स्वतःचे ओझे त्या दोरावर टाकून पाणी वर आणतो. एवढे बोलून थांबा. इथे भक्ती म्हणजे असे ओझे टाकणे वगैरे सांगायचा मोह होतो, तो आवरावा. ते शेवटच्या कडव्याचे काम आहे. आत्ता सांगितलेत तर पावणेअकराला सांगायला काही उरत नाही. ध्रुवपद घ्या आणि कथेला सुरुवात करा.

कथा परंपरेने सर्वांना ठाऊक आहे. महिपतींच्या भक्तविजयामुळे संतांच्या अशा कथा घरोघर पोचल्या. पैठणचे कूर्मदास हातापायांनी अपंग होते, तरी पंढरीला निघाले आणि लऊळपाशी येऊन थांबले. त्यांना भेटायला पांडुरंग स्वतः निघाला, सोबत ज्ञानदेव आणि नामदेव. वाटेत अरण लागले. दोघांना बाहेर थांबवून देव मळ्यात सावतोबांकडे गेला आणि म्हणाला, माझ्या मागे चोर लागले आहेत, मला लपव. सावतोबांनी हातातल्या खुरप्याने आपले पोट चिरले, देवाला आत ठेवले आणि वरून कांबळे बांधून पुन्हा कामाला लागले. नामदेव देवाला शोधत मळ्यात आले. शेवटी पीतांबराचे टोक दिसले आणि देव सापडला.

ही कथा सांगताना दोन जागी कीर्तन घसरते. पहिली जागा कूर्मदासांची. त्यांची कथा स्वतंत्र कीर्तनाच्या तोलाची आहे, आणि सांगायला लागलो की वीस मिनिटे तिथेच जातात. श्रोते लऊळच्या वाटेवर रडलेले असतात, मग अरणच्या मळ्यात त्यांचे मन लागत नाही. कूर्मदासांना चार-पाच वाक्येच द्यावीत: ते कुठून निघाले, कुठे अडले, आणि देव का निघाला. दुसरी जागा पोट चिरण्याची. तिथे रक्त, वेदना, आकांत यांचे वर्णन करणारे कीर्तनकार मी ऐकले आहेत. पुढे बसलेली मुले घाबरतात आणि मोठ्यांना घरी जाताना तेवढेच आठवते. ते एका वाक्यात सांगावे, आवाज न चढवता. हे खरेच घडले का, असा प्रश्न काही तरुणांच्या डोळ्यांत असतो. त्याला उत्तर देण्यासाठी कथा थांबवू नये, आणि कथेचा गुळगुळीत रूपकार्थ करून ती वाचवूही नये. सावतोबांविषयी गावोगाव लोकांनी हीच कथा शतकानुशतके सांगितली, हे तर खरेच आहे. जे श्रद्धेने ऐकतील ते तसे ऐकतील, बाकीचे कथा म्हणून ऐकतील. शेवटचे कडवे दोघांनाही पोचते.

कथा चालू असताना प्रश्न विचारू नये. इथपर्यंत गाव बोलत आले आहे, आता त्याला ऐकू द्यावे. एकच अपवाद मी करतो. नामदेव मळ्यात येतात आणि विचारतात, देव कुठे आहे? सावतोबा खुरपे चालवत असतात, काही बोलत नाहीत. इथे कीर्तनकाराने नामदेवांचा प्रश्न समोरच्या गावाला विचारावा: “सांगा बायांनो, देव कुठं आहे?” उत्तर सगळ्यांना ठाऊक असते, कारण ते थोड्या वेळापूर्वीच ऐकलेले असते. काही जण पोटात म्हणतील, काही जण काळजात म्हणतील, पोरे मोठ्याने म्हणतील. गावाला आणि सावतोबांना उत्तर माहीत आहे, नामदेवांना नाही, अशी ही जागा आहे. या एका क्षणी गाव कथेच्या आत, सावतोबांच्या बाजूला उभे असते. यासाठीच आधीचे सगळे प्रश्न होते. तिथे उत्तर देण्याची सवय लागली नसती तर इथे सभा गप्प राहिली असती.

पीतांबराचे टोक दिसले की कथा थांबवायची. देव बाहेर आला, सगळे एकमेकांना भेटले, पुढे लऊळला गेले, हे सांगण्यात पाच-सात मिनिटे घालवणारे पुष्कळ असतात. कथेला शेवट हवा असे त्यांना वाटते. वारकरी कीर्तनात कथेचा शेवट कथेत नसतो, तो अभंगाच्या उरलेल्या कडव्यात असतो. म्हणून टोक दिसल्याबरोबर चालवाल्यांनी चौथे कडवे उचलायचे, आणि ते आधी पूर्ण गाऊन होऊ द्यायचे. त्यानंतर निरूपण दोन-तीन मिनिटांचेच. विहिरीवर नाड्यावर बसणारा माणूस, आजोबांनी हाताने दाखवलेली ती जागा, आणि पोटाला कांबळे बांधून वाफ्यात काम करणारे सावतोबा, एवढे तीन उल्लेख. गुंतणे म्हणजे काय हे वेगळे समजावण्याची गरज पडू नये. पडली, तर तिसऱ्या कडव्यात काहीतरी राहिले असे समजावे. ते शेवटी भरून काढता येत नाही.

वेळेचा हिशोब असा बसतो. चाल आणि ध्रुवपदाला वीस मिनिटे, पहिल्या कडव्याला वीस, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला वीस, कथेला पंचवीस आणि शेवटच्या कडव्याला दहा. एकूण पावणेदोन तास. पंधरा मिनिटे हातची राहतात, आणि ती लागतातच. कधी वीज जाते, कधी गावच्या सरपंचांचा सत्कार मध्येच होतो, कधी एखादे आजोबा मोटेविषयी बोलू लागले की थांबत नाहीत. आजोबांना तोडू नये, ती मिनिटे त्यांची आहेत. वेळ कमी पडला तर दुसरे कडवे नुसते गाऊन पुढे जावे. कथा कापायची वेळ आली तर कूर्मदासांचे आणखी एखादे वाक्य कापावे. तिसरे कडवे आणि नामदेवांचा प्रश्न यांना मात्र हात लावू नये.

साथीदारांविषयी थोडे सांगतो, कारण पुष्कळ कीर्तने तिथे बिघडतात आणि दोष कीर्तनकाराच्या माथी येतो. कीर्तनाआधी चालवाले आणि मृदंगाचार्य यांच्यासोबत पंधरा मिनिटे बसावे. ध्रुवपद कुठे परत येणार, चौथे कडवे कोणत्या शब्दावर उचलायचे, कथेत मृदंग कुठे नको, हे सांगावे. देव लपल्यानंतर नामदेवांचा प्रश्न येईपर्यंत मृदंग पूर्ण शांत असावा. ध्वनिक्षेपकवाल्याशीही बोलावे. टाळांचा आणि पेटीचा आवाज इतका वाढवलेला असतो की समोरच्यांचे ध्रुवपद त्यांना स्वतःलाच ऐकू येत नाही, आणि स्वतःचा आवाज ऐकू न येणारा माणूस गाणे थांबवतो. मागच्या बाजूचा कर्णा कमी करून घेतला की गावाचा आवाज लगेच वर येतो.

ही बांधणी सगळ्या अभंगांना लागू होते असे माझे म्हणणे नाही. ज्या अभंगात असा क्रम नाही, जिथे प्रत्येक कडवे तीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगते, तिथे कथा शेवटी आणून उपयोग नाही, ती पहिल्या कडव्यातच आणावी लागते. काल्याच्या कीर्तनात श्रीकृष्णाच्या बाललीला ठरलेल्या असतात आणि लोकांचे लक्ष दहीहंडीकडे असते, तिथे इतकी आखणी चालत नाही. आणि ज्या गावात कांदा होत नाही, विहीर नाही, तिथे हा अभंग जरूर घ्यावा, पण त्या गावाचे हात कशात गुंतलेले असतात हे दिवसा फिरून पाहावे आणि प्रश्न त्याचे करावेत. संध्याकाळी गाडीतून उतरून थेट व्यासपीठावर उभे राहणाऱ्याला हे जमत नाही. दुपारी गावात पोचावे, हरिपाठाला बसावे, मळ्यात चक्कर मारावी, मोट पाहिलेले आजोबा कोण आहेत आणि रात्री ते कुठे बसतात हे विचारून ठेवावे.

आरती आणि पसायदान झाल्यावर मंडळी प्रसादाला बसतात. त्या वेळी कीर्तन कसे झाले असे कुणालाही विचारू नये. चांगले झाले असेच सगळे सांगतात. टाळकऱ्यांपैकी जो सर्वांत मागे उभा होता त्याला विचारावे की कोणत्या कडव्याला मागून आवाज आला आणि कुठे तुटला. त्याला ते बरोबर माहीत असते. तो जे सांगेल ते वहीत अभंगाच्या त्या कडव्यासमोर लिहून ठेवावे.